‘इतर प्राधिकरणे’ ते विनियम ९(ब): अर्थ लावण्याच्या साधनांची पूर्वअट

सेवाविषयक रिट याचिकांचे मसुदे तपासताना मला एक गोष्ट वारंवार दिसते. नवे वकील उद्देशलक्षी अर्थ, ‘इजुस्डेम जेनेरिस’ आणि ‘रीडिंग डाउन’ ही तिन्ही साधने एकाच परिच्छेदात मांडतात. पण त्यांपैकी प्रत्येकाला पूर्वअट असते आणि न्यायपीठाचा पहिला प्रश्न बहुधा तिच्याविषयीच येतो.

‘इजुस्डेम जेनेरिस’ म्हणजे विशिष्ट शब्दांच्या मालिकेनंतर आलेल्या सर्वसाधारण शब्दाचा अर्थ त्याच जातीपुरता मर्यादित ठेवणे. राजस्थान राज्य वीज मंडळ विरुद्ध मोहन लाल (१९६७) या प्रकरणात, संविधानाच्या अनुच्छेद १२ मधील ‘राज्य’ या संज्ञेच्या व्याख्येतील ‘इतर प्राधिकरणे’ या शब्दांत केवळ शासनासारखी कामे करणाऱ्या संस्थाच येतात, असा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला, कारण त्या शब्दांआधी आलेली केंद्र व राज्यांची सरकारे, त्यांची विधिमंडळे आणि स्थानिक प्राधिकरणे यांना एकत्र बांधणारी समान जातच नव्हती. म्हणून मालिकेतील सर्व शब्दांना लागू पडणारी जात एका वाक्यात लिहून पाहावी. ते वाक्य जमले नाही, तर हा मुद्दा सोडून द्यावा.

‘रीडिंग डाउन’, म्हणजे तरतूद रद्द होऊ नये म्हणून तिचा अर्थ आकुंचित करणे, शिकण्यासाठी दिल्ली परिवहन महामंडळाच्या प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा १९९० चा निकाल मुळातून वाचावा. महामंडळाच्या सेवाशर्तींच्या विनियम ९(ब) नुसार कायम कर्मचाऱ्यालाही एक महिन्याची नोटीस किंवा तेवढे वेतन देऊन, कारण न सांगता आणि चौकशी न करता काढता येत असे. सरन्यायाधीश सब्यसाची मुखर्जी यांच्या मते, सुसंगत कारणे नोंदवूनच हा अधिकार वापरावा, असा अर्थ लावून विनियम टिकवता येत होता. बहुमताने मात्र तो अनुच्छेद १४ चा भंग करणारा म्हणून रद्द ठरवला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे विवेचन मला सर्वांत उपयुक्त वाटते: तरतूद संदिग्ध असेल आणि तिचा उद्देश व संदर्भ यांवरून कायदा करणाऱ्याचा हेतू कळत असेल, तरच हे साधन चालते; शब्द स्पष्ट असतील, तर हेतू कितीही चांगला असला तरी न्यायालयाने ते वाकवू नयेत. उद्देशलक्षी वाचन येथे ‘रीडिंग डाउन’चा पाया ठरते, ते त्याला पर्याय नसते.

यावरून मी एक रीत पाळतो. आपल्याला हवा असलेला आकुंचित नियम संपूर्ण लिहून काढावा आणि मूळ नियमाशेजारी ठेवावा. ९(ब) बाबत असे केले, की कोणती कारणे, ती कोण नोंदवणार, ती कर्मचाऱ्याला कळवायची का, चौकशी कधी वगळता येईल, हे सगळे बाहेरून घालावे लागते. मूळ शब्दांत त्यांपैकी कशाचाही मागमूस नाही. एवढी भर घालावी लागत असेल, तर तो नवा नियम करणेच होय. अशा वेळी तरतूद रद्द करण्याची मागणी मुख्य ठेवावी आणि आकुंचित अर्थाची मागणी पर्यायी म्हणून, प्रस्तावित शब्दांसह, तिच्याखाली मांडावी.