सहलीच्या तक्त्यात तारखेशेजारी वार हवाच

सामायिक स्प्रेडशीटमध्ये दिवसवार आखणी करताना पहिल्या स्तंभात तारीख लिहावी आणि दुसऱ्यात पुढील सूत्राने वार आणावा, कारण अजिंठा लेणी सोमवारी व वेरूळ लेणी मंगळवारी बंद असतात आणि नुसत्या तारखेवरून ही चूक ध्यानात येत नाही.

```
=TEXT(A2,"dddd")
```

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठा सुमारे १०० किलोमीटर आहे. त्या दिवशी ७:०० ते ९:३० प्रवास, ९:३० ते १०:१५ वाहनबदल आणि १०:१५ ते १:३० लेणी, अशा ओळी कराव्यात. मधली ओळ बहुतेक जण विसरतात. खासगी वाहन फर्दापूर टी-पॉइंटला ठेवून पुढचे सुमारे ४ किलोमीटर बसने जावे लागते, म्हणून नकाशाचा दुवाही लेण्यांचा न देता त्या वाहनतळाचा द्यावा.

आरक्षण क्रमांकांच्या स्तंभाला, क्रमांक भरण्यापूर्वीच, `Format > Number > Plain text` हे स्वरूप द्यावे. अन्यथा क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्य गळते आणि हॉटेलच्या स्वागतकक्षात तो जुळत नाही. याच क्रमांकांवरून आरक्षणात फेरफार होऊ शकत असल्याने तक्ता केवळ सहप्रवाशांच्या ईमेलवरच सामायिक करावा.