रेसी मॅट्रिक्स करताना या चुका टाळा: एका ओळीत दोन ‘ए’

ग्राहकाकडून ड्रॉइंगचं नवं रिव्हिजन आलं, डिझाइनवाल्यांनी ते मेलही केलं, तरी दुसऱ्या पाळीत जुन्याच मापाचे 180 नग निघाले. आमच्याकडे रेसी मॅट्रिक्स, म्हणजे कुठल्या कामात कुणाची काय भूमिका ते अक्षरांनी दाखवणारा तक्ता, नव्हता असं नाही, चांगला लॅमिनेट करून भिंतीवर लावला होता! ‘ड्रॉइंग बदल’ अशी एक ओळ, आणि तिच्यात डिझाइन प्रमुख व प्रॉडक्शन प्रमुख, दोघांच्याही नावापुढे ‘ए’.

‘आर’ म्हणजे काम हाताने करणारा. ‘ए’ म्हणजे ते झालं की नाही याचा जाब ज्याला विचारायचा तो, निर्णयही त्याचाच. एका ओळीत ‘आर’ चार असले तरी चालतात, ‘ए’ मात्र एकच. आमच्याकडे डिझाइनला वाटलं मेल केला, संपलं. प्रॉडक्शनला वाटलं, डिझाइनवाले ड्रॉइंग मशीनवर लावून देतील.

दोन ‘ए’ बहुतेक वेळा कुणी रुसू नये म्हणून दिले जातात. पण त्यातला एक खोडून भागत नाही, कारण खरा घोळ ओळीत असतो. ‘ड्रॉइंग बदल’ हे एक काम नाहीच. आम्ही त्याच्या तीन ओळी केल्या. नवं ड्रॉइंग मंजूर करणं: ‘ए’ डिझाइन प्रमुख. मशीनवरचं जुनं ड्रॉइंग काढून नवं लावणं: ‘ए’ प्रॉडक्शन प्रमुख, ‘आर’ पाळीचा सुपरवायझर. जुन्या मापाच्या तयार मालाचं काय करायचं ते ठरवणं: ‘ए’ क्वालिटी प्रमुख. ओळीत क्रियापद आलं की भांडण निम्मं मिटतं. आणि तेव्हा कुठे लक्षात आलं, जुन्या तक्त्यात सुपरवायझरचा रकानाच नव्हता. सगळे रकाने साहेबांचे.

तक्ता एक्सेलमध्ये असेल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी हे टाका. रकाने बी ते जी धरलेत:

```
=COUNTIF(B2:G2,"*A*")
```

उत्तर 1 यायला हवं. शून्य आलं तर काम बेवारस आहे. दोन्ही बाजूंचे तारे विसरू नका. छोट्या विभागात एकाच माणसाला ‘A/R’ लिहिलेलं असतं, आणि तारे नसले तर तो ‘ए’ मोजलाच जात नाही.

दुसरी चूक ‘सी’ची. ‘सी’ला आधी विचारायचं आणि उत्तराची वाट पाहायची, ‘आय’ला फक्त कळवायचं. मान म्हणून सहा जणांना ‘सी’ दिलात तर मंजुरी सहाव्याच्या रजेवर अडकते. ज्याच्या ‘नाही’ने निर्णय बदलणार नाही, तो ‘आय’. आम्ही स्टोअर्स आणि खरेदी तिथे सरकवले. उरलेल्या ‘सी’साठी तक्त्याखाली एक ओळ लिहिली: दोन दिवसांत उत्तर नाही आलं, तर ‘ए’ने पुढे जायचं. खरेदीवाले थोडे कुरकुरले, पण कळवण्याचा मेल वेळेवर जातो म्हटल्यावर गप्प बसले.