दोरा, पट्टी आणि देवगिरी : लांबचा डोंगर किती दूर ते कसं काढायचं

सर्वेक्षणाचं काम शिकायला येणारी पोरं पहिल्या आठवड्यात हमखास कोनमापक घेऊन येतात. दहावीच्या पुस्तकातली आकृती डोक्यात पक्की असते : मनोरा, माणूस, उन्नत कोन ३० किंवा ४५ अंश. शेजारच्या पाण्याच्या टाकीसाठी ते ठीक आहे. लांबच्या डोंगराला मात्र कोनमापक लावू नका. कारण आकड्यातच दिसतं.

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या रस्त्याला लागलं की देवगिरीचा शंकूसारखा डोंगर दिसू लागतो. आजूबाजूच्या सपाटीपासून त्याची उंची सुमारे २०० मीटर. तुम्ही त्याच्यापासून ५ किलोमीटरवर उभे असाल, तर २०० भागिले ५००० म्हणजे ०.०४, आणि हा टॅन्जंट असलेला कोन जेमतेम २.३ अंश. शाळेच्या कोनमापकाला ओळंबा बांधून वाचताना एका अंशाची चूक सहज होते. कोन ३.३ अंश वाचला तर उत्तर साडेतीन किलोमीटरच्या आत येतं, १.३ वाचला तर पावणेनऊच्या पुढे जातं. अशा मापाला अंदाजसुद्धा म्हणवत नाही.

म्हणून कोन विसरा, समरूप त्रिकोण धरा. एक साधी पट्टी आणि न ताणणारा दोरा घ्या (सुतळी चालते, इलास्टिक अजिबात नाही). दोरा पट्टीला बांधा आणि बरोबर ६० सेंटीमीटरवर गाठ मारा. गाठ डोळ्याखाली गालाच्या हाडाला टेकवायची, दोरा ताठ करायचा, पट्टी उभी धरायची, एक डोळा मिटायचा. डोंगराचा पायथा पट्टीच्या शून्यावर आणा आणि शिखर कुठे येतं ते वाचा. डोळा ते पट्टी ६०, पट्टीवरचं माप धरा २.४ सेंटीमीटर आलं. डोळ्यापासून निघालेला लहान त्रिकोण आणि डोंगरापर्यंतचा मोठा त्रिकोण समरूप, म्हणून अंतर = २०० × ६० ÷ २.४ = ५००० मीटर. दोरा नसेल तर हात नकळत दुमडतो, ६० चे ५५ होतात; मग मापही बदलतं आणि भागाकारातला ६० खोटा ठरतो.

या उत्तरावर किती विसंबायचं? पट्टीवर एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला, म्हणजे २.३ किंवा २.५ वाचलं, तर उत्तर ५२०० किंवा ४८०० येतं. म्हणून वहीत ‘५००० मीटर’ लिहू नका, ‘४.८ ते ५.२ किमी’ लिहा. उंचीचंही तसंच. ‘सुमारे २००’ प्रत्यक्षात १९० असेल, तर अंतरही त्याच प्रमाणात, पाच टक्क्यांनी कमी होईल. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० च्या नकाशावर समोच्च रेषा वाचून शिखर आणि पायथा यांतला फरक स्वतः काढावा हे बरं. त्याच नकाशावर दोन सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर, त्यामुळे पट्टी ठेवून उत्तराची पडताळणीही होते.

सगळ्यात जास्त फसवतो तो पायथा. मधे लिंबाची झाडं, उसाचं शेत, एखादं मंगल कार्यालय असतं आणि डोंगराचा खालचा भाग झाकला जातो. तुम्ही झाडाच्या शेंड्यापासून माप घेता, पण सूत्रात उंची मात्र पूर्ण २०० घालता. पट्टीवरचं माप कमी, म्हणून डोंगर उगाच लांब जातो. उत्तर नकाशापेक्षा सतत जास्तच येत असेल तर आधी पायथा तपासा. उघड्या माळावर किंवा पुलावर जाऊन पुन्हा वाचा. आणि हे अंतर शिखराच्या थेट खालच्या बिंदूपर्यंतचं असतं, पायथ्याच्या अलीकडच्या कडेपर्यंतचं नाही. पसरट डोंगरात तो फरक काहीशे मीटर होतो.

समुद्रावर हीच भानगड वेगळ्या रूपात भेटते. मर्चंट नेव्हीत जायचं म्हणणारी पोरं आपल्याकडेही आहेत, म्हणून सांगतो. किनाऱ्यावर उभ्या माणसाचा डोळा पाण्यापासून दोन मीटरवर असेल, तर त्याचं क्षितिज साधारण पाचच किलोमीटरवर असतं. त्यापलीकडच्या जहाजाचा खालचा भाग पृथ्वीच्या गोलाईआड जातो. तिथे पाण्यापासून डोलकाठीपर्यंतची पूर्ण उंची वापरली, की जहाज आहे त्यापेक्षा लांब निघतं.

उंचीच माहीत नसेल तर? डोंगराच्या सरळ रेषेत ५०० मीटर मागे जाऊन दुसरं माप घ्यायचं, असं पुस्तक सांगतं. सूत्र बरोबर आहे. पण आपल्या उदाहरणात २.४ चं माप २.१८ वर येईल, फरक दोन मिलिमीटर! तो पट्टीवर धड वाचता येत नाही, आणि अर्ध्या मिलिमीटरची चूकही उत्तर किलोमीटरभर हलवते. दोन जागांची पद्धत वापरायचीच असेल तर थिओडोलाइट मिळेपर्यंत थांबा, किंवा इतकं मागे जा की माप निम्म्यावर येईल.