मागचा ब्रेक ड्रम निघत नाहीये? हातोडा ठेवा, आधी ॲडजस्टर मागे घ्या

आमच्या पिकअपने दिंडोरीहून नाशिक मार्केटला टोमॅटोच्या जाळ्या वाहून वाहून मागचे ड्रम इतके झिजवलेत की लायनर बदलायला घेतले की ड्रम काही सरळ निघत नाही. कोणालाही विचारा, एकच उत्तर, "मार हातोडा". अरे पण कुठे मारू, आणि अडकलंय कशात ते तर बघ आधी.

गाडी सपाट जागी, पुढच्या चाकांना दगड, मागून जॅक आणि घोडी, हँडब्रेक पूर्ण सोडलेला, चाक काढलेलं. हे सगळं तुम्हाला येतं असं धरतो. मी सांगतोय ते चाकाच्या स्टडवर सरळ बसणाऱ्या ड्रमचं, काही गाड्यांत बेअरिंग ड्रममध्येच असतं, तिकडे मधलं नट आधी काढावं लागतं.

आता ड्रम दोन्ही हातांनी धरून बाहेर ओढा. अजिबात हलत नसेल तर मधल्या हबवर गंजाने धरलाय. तीन-चार एमएम बाहेर येऊन टक्कन थांबत असेल तर गंजाचा प्रश्नच नाही, आतले लायनर अडवतायत. लायनर ड्रमला घासून घासून आत खड्डा पाडतो आणि ड्रमच्या कडेला न झिजलेली एक धार उभी राहते, इकडे ॲडजस्टर झीज भरून काढायला लायनर बाहेर ढकलत राहतो, मग लायनर त्या धारेच्या मागे अडकून बसतात.

गंजाचं काम सोपं. हबच्या गोलावर आणि स्टडच्या मुळाशी रस्ट स्प्रे मारा, अर्धा तास चहा प्या, मग दोन स्टडच्या मध्ये ड्रमचा जो सपाट भाग असतो त्यावर हातोड्याने गोल फिरत ठोका. ड्रमच्या कडेवर मारू नका, बीड असतं, टवका उडतो. ड्रमवर आट्यांची दोन भोकं असतील (बहुतेक ८ एमएम बोल्ट बसतो) तर दोन बोल्ट आळीपाळीने अर्धा-अर्धा आटा आवळा, सुटतो.

मी मार खाल्ला तो दुसऱ्या प्रकारात. डावा ड्रम चार एमएम येऊन थांबला आणि मला वाटलं अजून गंज आहे, मी आपला तेराच्या पान्याने बोल्ट आवळतोय, आवळतोय, आणि आतून खाडकन आवाज. लायनर धरून ठेवणारी पिन तुटली आणि लायनरचा तुकडा पडला. म्हणून सांगतो, बोल्ट जड जायला लागला की थांबा.

आता ॲडजस्टर. ड्रमच्या मागच्या प्लेटला खाली किंवा मध्ये एक रबरी बूच असतं, ते काढा, बॅटरी मारा, आत दातेरी चक्री दिसेल, तिला स्टार म्हणतात. स्टारला एक पातळ पत्र्याची पट्टी टेकलेली असते, ती स्टारला एकाच दिशेने फिरू देते, घट्ट व्हायच्या. आणि इथेच सगळे फसतात, कारण पेचकस घातला की स्टार ज्या बाजूला टकटक करत मजेत फिरतो ती सैल करायची दिशा वाटते, प्रत्यक्षात तुम्ही लायनर अजून घट्ट करत असता! मी असे दहा-बारा दाते घट्ट केले होते आणि नंतर ड्रम हाताने फिरेना तेव्हा कळलं.

तर दोन पेचकस लागतात. पहिला एकदम पातळ, त्याने ती पट्टी स्टारपासून जराशी दूर ढकलून धरायची, जोरात नाही, वाकली तर पुढे ब्रेक आपोआप ॲडजस्ट होणार नाही. ती धरूनच दुसऱ्याने स्टार उलट फिरवायचा, एका वेळी एक दाता. पाच-सहा दात्यांनी ड्रम फिरवून बघा, घासणं कमी झालं तर दिशा बरोबर. डावीकडची आणि उजवीकडची दिशा बऱ्याचदा उलटी असते, त्यामुळे पाठ करू नका, दरवेळी फिरवूनच बघा. मला त्या डाव्या ड्रमला अठरा दाते लागले, मग तो हलवत हलवत हातानेच निघाला.

स्टारच गंजून जाम असेल तर मागच्या प्लेटवर दिसणारी लायनर धरणाऱ्या पिनांची डोकी ग्राइंडरने उडवा, ड्रम लायनरसकट येतो. पिना स्वस्त असतात, ड्रम नाही.

ड्रम निघाल्यावर ब्रेकच्या पायडलला हात लावू नका, सिलिंडरमधले पिस्टन बाहेर येतात. आतली काळी धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. धार जास्त असेल तर लेथवर काढून घ्या, अंबडला हे काम होतं, पण आधी ड्रमवर कोरलेलं मोठ्यात मोठं माप बघा, ते ओलांडलं असेल तर नवाच घ्या. बसवताना हबचा गोल एमरीने साफ करून ग्रीसचा अगदी पातळ हात, लायनरला मात्र बोटसुद्धा नको. मग स्टार घट्ट करत या, ड्रम फिरवताना जेमतेम घासल्याचा आवाज आला की बास, आणि रस्त्यावर न्यायच्या आधी पायडल चार-पाच वेळा दाबून बघा.