परदेशात फॉरेक्स कार्ड चाललं नाही किंवा बॅलन्स कमी दिसला, तर

काउंटरवर कार्ड नाकारलं गेलं की बहुतेक जण एकच गोष्ट करतात: तेच कार्ड पुन्हा घालतात, मग आणखी एकदा. तसं करू नका. पिन चुकत असेल तर तिसऱ्या चुकीला कार्ड अडकतं, आणि कारण दुसरं असेल तर पुन्हा घालून काही बदलत नाही. फॉरेक्स कार्डात परदेशी चलन आधीच भरून ठेवलेलं असतं, आणि प्रत्येक चलनाचा खाना वेगळा असतो. बाजूला व्हा, बँकेचं ॲप उघडा आणि ज्या चलनात बिल आहे त्या चलनाच्या खान्यात वापरण्याजोगी रक्कम किती दिसते ते बघा. पुढचं सगळं त्या आकड्यावर ठरतं.

आमच्या घरातल्या आणि नात्यातल्या बहुतेक सहलींची कार्डं मीच काढून देते, त्यामुळे अडचणीचे फोनही मलाच येतात. त्यातून कळलेलं इथे लिहिते.

पिन आणि बटणं

पिन विसरला असाल तर दोन चुकांनंतर थांबा आणि ॲपमधून नवा पिन लावा. त्यासाठीचा ओटीपी बहुधा भारतातल्या नंबरवर येतो, म्हणून निघण्यापूर्वी त्या सिमचं रोमिंग सुरू करून ठेवा, डेटा पॅक घेतला नाही तरी चालेल. तिसरी चूक झालीच असेल तर काही बँकांत २४ तासांनी कार्ड आपोआप मोकळं होतं, काहींत फोन करावा लागतो. कार्डामागचा टोल फ्री नंबर परदेशातून लागत नाही, तेव्हा परदेशातून लावायचा वेगळा नंबर घरीच कागदावर लिहून घ्या. पाकिटात जादा कार्ड मिळालं असेल तर त्याचा पिन पहिल्याचाच असेल असं धरून चालू नका.

कार्ड टेकवून पैसे जात नसतील किंवा ऑनलाइन तिकीट निघत नसेल, तर ॲपमध्ये त्या सुविधेचं बटण बंद आहे का ते आधी तपासा. नवं कार्ड हातात येतं तेव्हा ती बहुतेकदा बंदच असतात. अमेरिकेत पेट्रोल पंपाचं यंत्र पाच आकडी झिप कोड मागतं, आणि आपला पिनकोड सहा आकडी. तिथे यंत्राशी झगडू नका, आत कॅशियरकडे जाऊन आधी पैसे भरा.

जिथे ते चालणारच नाही

भारतात मिळालेलं फॉरेक्स कार्ड भारत, नेपाळ आणि भूतान या तीन देशांत चालत नाही. हा बिघाड नाही, नियमच तसा आहे, त्यामुळे ग्राहक सेवेला फोन करून ते सुरू होत नाही. काठमांडूला जाताना उरलेले डॉलर कार्डावर घेऊन जाण्याचा सल्ला मी कितीदा ऐकलाय. तो देणाऱ्याने ते स्वतः कधी करून पाहिलेलं नसतं. हीच बंदी ऑनलाइनही लागू होते, आणि तिथे ती लक्षात यायला वेळ लागतो. पॅरिसमध्ये बसून तुम्ही एखाद्या भारतीय प्रवास संकेतस्थळावर रोमचं तिकीट काढलंत, तरी पैसे घेणारा व्यापारी भारतातला असतो आणि कार्ड नाकारलं जातं. तेच तिकीट परदेशी विमान कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर युरोत काढा.

रशियाचंही तसंच. मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने तिथलं काम थांबवलं, त्यामुळे बाहेर निघालेली त्यांची कार्डं तिथे चालत नाहीत. मॉस्कोला जाणाऱ्याने रोख चलनाचीच तयारी करावी.

आणखी एक. युरोपात यंत्र विचारतं, पैसे रुपयांत द्यायचे की युरोत? नेहमी तिथलं चलन निवडा. रुपये निवडले तर फॉरेक्स कार्डावर व्यवहार नाकारला जाऊ शकतो, आणि गेलाच तर आधी युरोचे रुपये आणि मग रुपयांचे पुन्हा युरो, असा दोनदा फटका बसतो. हॉटेलातला माणूस आपल्या सोयीसाठी म्हणून रुपये दाबून मोकळा होतो. म्हणून यंत्र आपल्या हातात घ्या आणि स्वतः दाबा.

पैसे गायब झालेले नसतात, अडकलेले असतात

माझं सगळ्यात जास्त नुकसान या भागाने केलं.

काही ठिकाणी तुमच्याकडून पैसे लगेच घेत नाहीत, आधी अडकवून ठेवतात. हॉटेल, भाड्याची गाडी आणि माणूस नसलेले पेट्रोल पंप ही त्यातली मुख्य. त्यांचं यंत्र बँकेला सांगतं की एवढी रक्कम बाजूला ठेवा, नक्की किती घ्यायची ते नंतर कळवतो. याला प्री-ऑथरायझेशन म्हणतात. क्रेडिट कार्डावर असं झालं तर फक्त मर्यादा तात्पुरती कमी होते. फॉरेक्स कार्डावर मात्र तुमचे स्वतःचे भरलेले पैसे अडकतात.

माझा भाचा इटलीत गाडी घेऊन फिरत होता. कार्डावर १४२ युरो होते. सिएनाजवळच्या एका सेल्फ सर्व्हिस पंपावर त्याने ३८ युरोचं पेट्रोल भरलं. तासाभराने किराण्याच्या दुकानात ५२ युरोचं बिल झालं आणि कार्ड नाकारलं गेलं. ॲपमध्ये ४१ युरो दिसत होते. त्याच्या हिशेबाने १०४ हवे होते. घाबरून त्याने मला फोन केला, “मावशी, कार्ड कुणीतरी हॅक केलंय.”

मी त्याला व्यवहारांची यादी उघडायला लावली. वरती १०१ युरोची एक नोंद होती, पुढे ‘पेंडिंग’ लिहिलेलं. पंपाने पेट्रोल सोडण्याआधी १०१ अडकवले होते, आणि खरा ३८ चा आकडा बँकेकडे अजून पोचला नव्हता. अशी नोंद दिसली आणि ती जागा तुम्ही खरंच गेला होतात ती असेल, तर चोरी झालेली नाही. कधीही न पाहिलेल्या दुकानाची नोंद असेल, तरच कार्ड बंद करा. मधल्या काळात १०१ आणि ३८ दोन्ही वजा दिसू शकतात. तेव्हाही दोनदा पैसे कापले असा अर्थ लगेच काढू नका. भाच्याचे पैसे चार दिवसांनी सुटले. तेवढे दिवस त्याने दुसरं कार्ड वापरलं.

मी हे सहज सांगितलं, कारण आधी स्वतः चुकले होते. काही वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडमध्ये, ल्युसर्नच्या एका हॉटेलात, मी कार्डावर १३०० फ्रँक घेऊन उतरले. चेक-इनला त्यांनी तीन रात्रींचे ५४० आणि अनामत १५० असे ६९० फ्रँक अडकवले. मला वाटलं, बिल भरून झालं. निघताना काउंटरवरच्या मुलीने ५४० चं बिल नव्याने कार्डावर घेतलं. आता कार्डावर उरले ७० फ्रँक, आणि पुढचे चार दिवस इंटरलाकेनला. दोनदा पैसे घेतले म्हणून मी तिच्याशी वाद घातला. ती सांगत होती की आधीची रक्कम परत जाईल, आणि मला ते पटत नव्हतं. मग सोबतच्या एका प्रवाशाने सांगितलं, ताबडतोब कार्ड ब्लॉक करा. मी केलं.

तो सल्ला आजही लोक देतात, म्हणून ठामपणे सांगते: अडकलेली रक्कम कार्ड ब्लॉक केल्याने सुटत नाही. ती तिच्या मुदतीनेच सुटते. उलट उरलेले ७० फ्रँकही माझ्या हातून गेले, आणि नवीन कार्ड घरच्या पत्त्यावर आलं. ६९० फ्रँक अकराव्या दिवशी मोकळे झाले, तेव्हा मी घरी पोचले होते. बँकेनुसार आणि व्यापाऱ्यानुसार हे दोन-तीन दिवसांपासून महिनाभरापर्यंत जाऊ शकतं.

चूक कुठे झाली ते नंतर समजलं. निघताना बिल घेण्याचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे अडकवलेल्या रकमेतूनच बिल वळतं करणं, याला यंत्रावर ‘कम्प्लीशन’ म्हणतात. दुसरा म्हणजे नवीन विक्री. तिने दुसरा वापरला, त्यामुळे आधीचे ६९० तसेच लटकत राहिले. आता मी चेक-आउटला स्पष्ट सांगते: चेक-इनला अडकवलेल्या रकमेतूनच कम्प्लीशन करा, नवीन सेल नको, आणि बाकीची सोडा. दोन्ही पावत्या जपून ठेवते, कारण त्यांवर ऑथरायझेशन कोड असतो. रक्कम तरीही अडकून राहिली तर नुसतं बँकेशी भांडून फारसं काही होत नाही. तो कोड आणि रक्कम लिहून हॉटेललाच मेल करा आणि सोडल्याचं लेखी उत्तर मागा. ते उत्तर बँकेला पाठवलं की त्यांना मुदतीआधी रक्कम सोडता येते.

पण खरा उपाय याआधीचा आहे. अनामतीसाठी फॉरेक्स कार्ड देऊच नका. हॉटेलात चेक-इनला क्रेडिट कार्ड द्या आणि शेवटचं बिल फॉरेक्स कार्डावर भरा. मात्र क्रेडिट कार्डावरची अडकवलेली रक्कम तुमच्यासमोर रद्द करून घ्या. पेट्रोलसाठी माणूस असलेला पंप शोधा. गाडी भाड्याने देणारे अनेक जण प्रीपेड कार्ड अनामतीला घेतच नाहीत, तिथे क्रेडिट कार्डाशिवाय इलाज नाही.

थोडेच कमी असतील तर

शंभराचे सत्त्याण्णव झाले असतील तर कारण वेगळं. युरो भरलेल्या कार्डाने फ्रँकमध्ये बिल दिलं की चलन बदलण्याचं शुल्क लागतं, साधारण २ ते ३.५ टक्के. एटीएमवर तिथल्या बँकेचं शुल्क वेगळं. आणि काही कार्डांत बिल एका खान्यातून पूर्ण भागत नसेल तर दुसऱ्यातून भर घातली जात नाही, व्यवहार सरळ नाकारला जातो. ॲपमधून रक्कम एका चलनातून दुसऱ्यात हलवा आणि मग कार्ड घाला.

पुन्हा भरणं

नेटबँकिंग जोडलेलं असेल तर काम काही मिनिटांचं आहे, पण अनेक बँकांत फक्त भारतातल्या कामाच्या वेळेत. त्यांच्याकडे दर तेव्हाच मिळतो. स्वित्झर्लंड उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. तिथे शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता तुम्ही भरायला बसलात, तर इथे साडेआठ वाजलेले असतात, आणि पैसे सोमवारी दुपारी दिसतात. मी शुक्रवारी तिथल्या सकाळीच भरते. भरताना कोणत्या चलनाच्या खान्यात जातंय ते नीट बघा. मी एकदा झुरिकच्या विमानतळावर घाईत फ्रँकऐवजी युरोत भरले होते आणि मग दोन दिवस प्रत्येक बिलावर शुल्क गेलं. पैसे आपल्याच खात्यातून जाऊ द्या. मुलाने त्याच्या खात्यातून पाठवलेले अनेकदा परत येतात. कार्ड शाखेतून किंवा मनी चेंजरकडून घेतलं असेल आणि तुमच्या ॲपवरून ते भरता येत नसेल, तर घरच्या एखाद्या माणसाला तिथे जावं लागेल. त्यासाठी कोणते कागद आणि कुणाच्या सह्या लागतात, हे निघायच्या आदल्या आठवड्यात त्याच काउंटरवर विचारून ठेवा.