मीटर म्हणतो १४.५ व्होल्ट, मग गुणगुण कुठून येते?

पॉवर सप्लाय नव्याने शिकणाऱ्यांसाठी लिहितोय, कारण या एका गोष्टीत माझे तीन दिवस गेले होते. एक छोटा क्लास ए हेडफोन अँप बनवला होता, तो सतत ०.५ अँपियर घेतो. १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोडचा ब्रिज, २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि पुढे ७८१२ रेग्युलेटर, झालं सर्किट. पण हेडफोन लावला की कानात बारीक घूंऽऽ. मीटर लावून बघितलं तर कपॅसिटरवर साधारण १४.५ व्होल्ट डीसी. ७८१२ ला आउटपुटपेक्षा अंदाजे २ व्होल्ट जास्त, म्हणजे १४ लागतात, ते तर मिळतायत, म्हणून मी सप्लायला क्लीन चिट दिली आणि अर्थिंग, वायरिंग, शिल्डिंग सगळं उपसत बसलो.

चूक अशी की डीसी रेंजवर मीटर सरासरी दाखवतो आणि रेग्युलेटरला सरासरीशी काही घेणंदेणं नसतं, त्याला प्रत्येक क्षणी १४ च्या वर हवं असतं. तेव्हा कागद घेऊन बसलो.

ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले १२ व्होल्ट आरएमएस असतात. पीक म्हणजे १२ × १.४१४ = १७ च्या आसपास. ब्रिजमध्ये करंट एका वेळी दोन डायोडमधून जातो, त्यांचे १.४ गेले, उरले अंदाजे १५.५. कपॅसिटर इथपर्यंत भरतो. मग ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज खाली येतं, डायोड बंद होतात आणि पुढचा पीक येईपर्यंत लोडला एकटा कपॅसिटर पोसतो. तेवढ्या वेळात त्यातून जेवढा चार्ज गेला तेवढं व्होल्टेज पडलं, या चढउतारालाच रिपल म्हणतात, बाकी फॉर्म्युल्यात काही जादू नाही:

```
ΔV   = I / (f × C) = 0.5 / (100 × 0.0022) ≈ 2.3 V
Vavg = Vpeak - ΔV/2 = 15.5 - 1.15 ≈ 14.4 V
Vmin = Vpeak - ΔV = 15.5 - 2.3 = 13.2 V
```

इथे f म्हणून १०० घ्यायचं, ५० नाही. मेन्स ५० हर्ट्झ असली तरी ब्रिज दोन्ही अर्ध्या सायकल वापरतो, म्हणून कपॅसिटर सेकंदाला १०० वेळा भरतो (६० हर्ट्झवर १२०). आणि स्कोपवर ब्रिजनंतरही ५० हर्ट्झचाच रिपल दिसला तर समजा एखादा डायोड ओपन आहे किंवा त्याचं सोल्डरिंग सुटलंय, मग रिपलही जवळपास दुप्पट होतो.

तर सरासरी १४.४, मीटरशी जुळतंय. पण खालचं टोक १३.२! म्हणजे सेकंदाला १०० वेळा ७८१२ चा श्वास कोंडतो, आउटपुट थोडं खाली बसतं, आणि तीच माझी गुणगुण. रेग्युलेटरच्या आउटपुटला मीटर ११.९ दाखवत होता, आणि मी म्हणत होतो "असेल थोडा टॉलरन्स".

स्कोपवर रिपल २.३ नाही, १.९ च्या आसपास दिसला. कारण फॉर्म्युला धरतो की कपॅसिटर पूर्ण १० मिलिसेकंद रिकामा होतोय, खरं तर शेवटचा दीडेक मिलिसेकंद तो परत भरत असतो. म्हणजे अंदाज थोडा जास्तच येतो, डिझाईनला ते बरंच. पण रिपल पीकच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा वगैरे यायला लागला की हा फॉर्म्युला फार मनावर घेऊ नका.

मग सोपा उपाय म्हणून ४७०० मायक्रोफॅरड टाकला. रिपल १.१ वर आला, खालचं टोक १४.४, आवाज बंद. खूश झालो, आणि एका संध्याकाळी मेन्स जरा उतरली तशी गुणगुण परत हजर! हिशोब केला तर मेन्स १० टक्के पडली की पीकच १३.९ होतो, मग कपॅसिटर बादलीएवढा लावा, पीकच्या वर तो काय देणार.

शेवटी ट्रान्सफॉर्मर १५ व्होल्टचा घेतला. पीक २१.२ वजा १.४, म्हणजे १९.८, जुन्या २२०० वरच खालचं टोक १७.५. मेन्स १० टक्के पडली तरी १५ च्या वर राहतं. याची किंमत उष्णतेत मोजावी लागते, सरासरी १८.७ धरली तर ७८१२ वर ६.७ व्होल्ट × ०.५ = ३.३ वॉट, हीटसिंक लागतोच. आणि कपॅसिटर २५ व्होल्टचा घेऊ नका, लोड काढला की छोट्या ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज लिहिलेल्या आकड्यापेक्षा बरंच वर जातं, त्यात मेन्स जास्त असेल तर २५ पार होतं. मी ३५ चा लावलाय.