थंड पडलेला राइस कुकर उघडण्याआधी

खटका खाली दाबला तरी दिवा लागत नाही आणि अर्ध्या तासानंतरही तांदूळ पाण्यात तसेच पडलेले दिसतात, अशा कुकरबद्दल हे लिहितोय. साधा, एका खटक्याचा कुकर. डिस्प्लेवाल्यांची गोष्ट वेगळी. आधी त्याच सॉकेटला मिक्सर लावून बघा. तो फिरला की सॉकेट संशयातून सुटलं.

मग सामान जमवा. डिजिटल मल्टिमीटर हवाच, दोनशे ओहमची रेंज आणि बीप असलेला. त्याशिवाय स्टार स्क्रू ड्रायव्हर, बारीक टोकाची पक्कड आणि फोटो काढायला फोन. प्लग भिंतीतून काढलेला, कुकर पूर्ण गार आणि टेबल कोरडं. इथून पुढचं सगळं मोजमाप विजेशिवायच करायचं आहे.

कागद-पेन्सिलही घ्या, कारण बुडावरच्या लेबलवरून अपेक्षित आकडा आधीच काढून ठेवायचा आहे. २३० चा वर्ग करून त्याला वॅटने भागलं की कॉइलचे ओहम मिळतात. ७०० वॅटच्या कुकरला साधारण ७५, तर ५०० वॅटच्या कुकरला १०५ च्या आसपास. हा आकडा जवळ नसेल, तर मीटरवर काय दिसतंय याला अर्थच उरत नाही.

पहिलं माप कुकर न उघडता घ्या. आत कोरडं भांडं ठेवा (बऱ्याच कुकरमध्ये भांडं नसेल तर खटका खाली टिकत नाही), खटका दाबा आणि मीटरच्या तारा प्लगच्या दोन बारीक पिनांना लावा. ठरवलेला आकडा दिसला तर कॉइल आणि फ्यूज दोन्ही शाबूत आहेत. पुण्यात शनिवार पेठेतल्या आमच्या आत्यांच्या ७०० वॅटच्या कुकरवर OL आलं, म्हणजे रस्ता कुठेतरी तुटलेला. खटका वर केला आणि मीटर मोठ्या रेंजवर नेला तरी OL. वर असताना करंट भात गरम ठेवणाऱ्या छोट्या हीटरमधून जातो आणि तिथे हजारभर ओहम दिसायला हवेत. दोन्हीकडे OL आलं, तेव्हा संशय दोघांच्या सामाईक वाटेवर जातो: वायर, थर्मल फ्यूज किंवा मुख्य कॉइल. वायर सुटी निघणारी होती. ती वेगळी तपासली, ठीक निघाली.

आता बूड उघडा, पण कोणतीही तार काढण्याआधी फोटो घ्या. हीटिंग प्लेटच्या दोन टोकांपैकी एकावरची क्लिप काढून मगच कॉइल मोजा, नाहीतर दुसऱ्या वाटेनेही आकडा येऊ शकतो. आत्यांच्या प्लेटवर ७४ आले, म्हणजे कॉइल उत्तम. एक तार टोकाला आणि दुसरी प्लेटच्या धातूला लावून मोठ्या रेंजवरही बघा. तिथे OL यायलाच हवं. आकडा दिसला तर करंट प्लेटमध्ये उतरतोय, ती प्लेट वापरू नका. अर्थची जाड पिन आणि प्लेट यांच्यात मात्र बीप वाजायला हवा.

थर्मल फ्यूज प्लेटजवळ पांढऱ्या-पिवळ्या फायबरच्या नळीत लपलेला असतो, शेंगदाण्याएवढा. टोकाटोकांत बीप नाही म्हणजे उडाला. त्यावरचे अंश, अँपिअर आणि व्होल्ट वाचा आणि जुना तुकडा खिशात घालून विजेच्या सामानाच्या दुकानात जा, पुण्यात असाल तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत. अंश तेच हवेत: कमी घेतले तर रोजच्या भातालाच उडेल, जास्त घेतले तर प्लेट नको इतकी तापेल. सोबत दाबून बसवायचे लग आणि उष्णता सोसणारी नळी आणा. सोल्डरने जोडायला गेलात तर सोल्डरिंगच्या उष्णतेनेच नवा फ्यूज उडू शकतो. आणि तार सरळ जोडून फ्यूज वगळायचा सल्ला दुकानात मिळाला, तरी ऐकू नका.

नवा बसवण्याआधी जुना का उडाला ते शोधलं पाहिजे, आणि घाईत हेच बहुतेकदा राहून जातं. खटका वर करून त्याचे पॉइंट मीटरवर बघा. वर असूनही बीप वाजला तर पॉइंट चिकटलेत. कुकर कधी बंद होणारच नाही आणि नवा फ्यूजही जाईल. आत्यांच्या कुकरचं कारण तेच होतं, त्यामुळे फ्यूजबरोबर खटकाही बदलला. मधल्या गोल थर्मोस्टॅटवर वाळलेला दाणा अडकला असेल किंवा भांड्याच्या बुडाला पोचा पडला असेल, तरी भांडं नीट टेकत नाही आणि प्लेट गरजेपेक्षा जास्त तापते.

सगळं बंद करून पहिली चाचणी तांदळाशिवाय, अर्धी वाटी पाण्यावर घ्या आणि कुकरजवळच थांबा. पाणी आटल्यावर लगेचच खटका आपोआप वर उडायला हवा. उडाला नाही तर प्लग ओढा आणि पुन्हा त्या पॉइंटांकडे वळा.